न्यायालय-संदर्भित कौटुंबिक मध्यस्थी

न्यायालय-संदर्भित कौटुंबिक मध्यस्थी म्हणजे न्यायालयात दाखल असलेला वैवाहिक किंवा कौटुंबिक वाद न्यायालयाने स्वतः प्रशिक्षित मध्यस्थाकडे सोपवणे आणि पक्षकारांनी त्याच्या साहाय्याने आपसांत तोडगा काढणे होय. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन आणि राहत्या घराविषयीचे वाद यांत ही पद्धत भारतात मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. लवाद निवाडा देतो, मध्यस्थ मात्र कोणताही निर्णय देत नाही. तडजोड झाली तर ती पक्षकारांची स्वतःची असते. झाली नाही तर प्रकरण जसे होते तसेच न्यायालयाकडे परत येते.

या पद्धतीविषयी सर्वाधिक गैरसमज मध्यस्थी केंद्रातील सहीच्या परिणामाबद्दल आहेत. काहींना सही होताच वाद संपला असे वाटते, तर काहींना न्यायाधीशांचा शिक्का बसेपर्यंत त्या कागदाला किंमत नाही असे वाटते. कायद्याची भूमिका या दोहोंच्या मध्ये आहे. सहीने करार होतो आणि न्यायालयाच्या आदेशाने त्याचा हुकूमनामा होतो. पण हुकूमनामा झाल्यावरही त्यातील प्रत्येक अट सारख्याच ताकदीने बांधत नाही. पैशाची अट, घटस्फोटाला संमती देण्याची अट, मुलाच्या ताब्याची अट आणि फौजदारी तक्रार मिटवण्याची अट या चारही एकाच कागदावर असल्या तरी त्यांचे कायदेशीर भवितव्य वेगवेगळे असते.

कायदेशीर आधार

दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ हा या पद्धतीचा सर्वसाधारण आधार आहे. १९९९ च्या दुरुस्तीने ते संहितेत आले आणि १ जुलै २००२ पासून अमलात आले. वादात तडजोडीला वाव दिसल्यास न्यायालयाने तो लवाद, सलोखा, लोकअदालत, न्यायिक तडजोड किंवा मध्यस्थी यांपैकी एका मार्गाने पाठवावा, असे हे कलम सांगते. कलमाच्या मसुद्यात ‘मध्यस्थी’ आणि ‘न्यायिक तडजोड’ यांच्या व्याख्यांची अदलाबदल झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अफकॉन्स इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणात ही चूक दाखवून कलम कसे वाचावे ते स्पष्ट केले. लवाद किंवा सलोख्याकडे पाठवण्यास सर्व पक्षकारांची संमती लागते, मध्यस्थीकडे पाठवण्यास ती लागत नाही, आणि वैवाहिक, पोटगीविषयक व ताब्याचे वाद मध्यस्थीस योग्य आहेत, असेही त्याच निकालात म्हटले आहे.

कौटुंबिक वादांसाठी याहून जुनी आणि अधिक थेट तरतूद कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ९ मध्ये आहे. पक्षकारांना समेटास किंवा तडजोडीस साहाय्य करणे हे या कलमाने न्यायालयाचे कर्तव्यच ठरवले आहे. त्यासाठी कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक नेमलेले असतात. समुपदेशन आणि मध्यस्थी यांत पक्षकारांची अनेकदा गल्लत होते. समुपदेशक न्यायालयीन व्यवस्थेचा भाग असून संसार टिकण्याची शक्यता आधी पाहतो. मध्यस्थ संसार टिकवण्याचा किंवा मोडण्याचा आग्रह धरत नाही, दोघांना मान्य होतील अशा अटी शोधण्यास मदत करतो. समुपदेशन निष्फळ ठरले तरी पक्षकारांच्या संमतीने प्रकरण मध्यस्थी केंद्राकडे पाठवावे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कुटुंब न्यायालयांना दिले.

बैठका आणि गोपनीयता

न्यायालयाच्या आदेशात मध्यस्थाचे नाव किंवा केंद्र, हजर राहण्याची तारीख आणि अहवाल परत येण्याची तारीख असते. सेलम वकील संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या आदर्श नियमांत मध्यस्थीसाठी ६० दिवसांची आणि गरज पडल्यास आणखी ३० दिवसांची मुदत सुचवलेली आहे. मध्यस्थ दोन्ही पक्षांना एकत्र भेटतो आणि नंतर प्रत्येकाशी स्वतंत्र बोलतो. स्वतंत्र बैठकीत एका पक्षाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्यापर्यंत जात नाही.

न्यायालयाकडे काय जावे याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये कडक नियम घालून दिला. तडजोड झाली तर केवळ तडजोडीचा लेख पाठवायचा आणि झाली नाही तर ‘मध्यस्थी यशस्वी झाली नाही’ एवढेच एक वाक्य पाठवायचे. कोणी किती रक्कम देऊ केली किंवा कोण अडून बसले, हे अहवालात लिहिता येत नाही. या नियमामुळेच पती बैठकीत ‘पंधरा लाखांपर्यंत देऊ शकतो’ असे म्हणू शकतो आणि बोलणी फिसकटल्यावर ते वाक्य त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहत नाही. मुलाच्या ताब्याच्या प्रकरणात मात्र मुलाच्या स्थितीविषयी समुपदेशकाने न्यायालयाला दिलेल्या अहवालाला ही गोपनीयता लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. तेथे मुलाचे हित वरचढ मानले गेले.

तडजोडीचा लेख

महाराष्ट्रातील न्यायालयांत या लेखाला बोलीत ‘कन्सेंट टर्म्स’ किंवा ‘संमतीच्या अटी’ म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ प्रमाणे तडजोड लेखी असावी लागते, तिच्यावर पक्षकारांच्या सह्या लागतात आणि ती कायदेशीर असावी लागते. भारतीय करार अधिनियमानुसार जो करार शून्य किंवा शून्यकरणीय आहे तो या नियमासाठी कायदेशीर नव्हे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तडजोडीत मूळ दाव्याबाहेरचे विषयही घेता येतात. वैवाहिक वादात हे फार उपयोगाचे आहे, कारण एकाच दांपत्यामध्ये कुटुंब न्यायालयात याचिका, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज आणि पोलीस ठाण्यात गुन्हा असे तीन-चार धागे एकाच वेळी चालू असतात.

पुढील काल्पनिक उदाहरण या प्रकारच्या लेखाचे नेहमीचे स्वरूप दाखवते. पुण्यातील एक दांपत्य नोव्हेंबर २०२२ पासून विभक्त राहते. पत्नीने हिंदू विवाह अधिनियमाखाली क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटाची याचिका, कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाखाली अर्ज आणि पती व सासू यांच्याविरुद्ध भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ खाली फिर्याद दाखल केली आहे. सात वर्षांची मुलगी आईकडे आहे. पिंपरीतील सदनिका दोघांच्या नावे असून तिच्यावर दोघांनी मिळून घेतलेले गृहकर्ज आहे. चार बैठकांनंतर मार्च २०२५ मध्ये असे ठरते: घटस्फोट परस्परसंमतीने घ्यायचा. पतीने पत्नीला एकरकमी पोटगी म्हणून १८ लाख रुपये तीन समान हप्त्यांत द्यायचे, पहिला हप्ता परस्परसंमतीच्या याचिकेवेळी, दुसरा अंतिम जबाबावेळी आणि तिसरा फौजदारी गुन्हा रद्द होताना. पत्नीने सदनिकेतील आपला हिस्सा पतीच्या नावे सोडायचा आणि उरलेले कर्ज पतीने फेडायचे. मुलगी आईकडे राहील आणि वडील तिला एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी सकाळी १० ते सायंकाळी ६ भेटतील. तिच्या शिक्षणासाठी वडील दरमहा १२,००० रुपये देतील.

असा लेख लिहिताना मध्यस्थाचे कौशल्य भाषेच्या नेमकेपणात दिसते. ‘पती लवकरात लवकर रक्कम देईल’ या वाक्यावर सही सहज मिळते, पण पुढे त्याची अंमलबजावणी करून घेणे जवळजवळ अशक्य होते, कारण चूक कोणत्या दिवशी झाली हेच ठरत नाही. रक्कम, तारीख, बँक खाते, हप्ता चुकल्यास होणारा परिणाम आणि दागिन्यांच्या बाबतीत वजनासह यादी एवढे तरी लेखात असावे लागते. लेख दोन्ही पक्षांना समजणाऱ्या भाषेत असावा. तो इंग्रजीत असेल तर मजकूर मराठीत वाचून व समजावून सांगितल्याची नोंद असावी. प्रत्येक पानावर पक्षकारांच्या आणि शेवटी मध्यस्थाच्या व वकिलांच्या सह्या घेतात.

न्यायालयातील नोंद

केंद्रातून आलेला लेख आपोआप आदेश होत नाही. अफकॉन्सच्या निकालानुसार प्रलंबित दाव्यातील मध्यस्थीची तडजोड संबंधित न्यायालयासमोर ठेवावी लागते आणि न्यायालय ती नोंदवून तिच्या अटींनुसार दाव्याचा निकाल करते. प्रत्यक्षात हे काम एकाच तारखेला होऊ शकते. लेखाला निशाणी क्रमांक पडतो. न्यायाधीश दोघांना समोर बोलावून ओळख पटवतात, मजकूर वाचला आणि समजला का, सही स्वेच्छेने केली का, कोणाचा दबाव होता का, हे विचारतात. उत्तरांची नोंद होते आणि रोजनाम्यात तसा उल्लेख येतो. काही वेळा पक्षकार अटी मान्य असल्याची स्वतंत्र पुरसिसही देतात.

ही विचारपूस उपचार वाटली तरी पुढे वाद झाल्यास तोच सर्वांत महत्त्वाचा पुरावा ठरतो. ‘माझ्याकडून धाक दाखवून सही घेतली’ असे नंतर म्हणणाऱ्या पक्षकाराला न्यायाधीशांसमोर दिलेल्या स्वतःच्याच उत्तराला तोंड द्यावे लागते. न्यायालयही केवळ टपाल पोहोचवणारे नसते. अट बेकायदेशीर असेल किंवा अज्ञान मुलाचे नुकसान करणारी असेल, तर ते ती नाकारू शकते.

वरील उदाहरणात आणखी एक अडचण आहे. पत्नीची मूळ याचिका क्रूरतेच्या कारणावर आहे, त्यामुळे तिचे रूपांतर हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३-ब खालील परस्परसंमतीच्या याचिकेत करावे लागते. या कलमानुसार याचिका दाखल झाल्यावर किमान सहा महिने थांबून, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा संमती सांगायची असते. सहा महिन्यांचा हा काळ शिथिल करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. त्यासाठी याचिकेपूर्वीच दीड वर्षाचा विभक्त काळ पूर्ण झालेला असावा, मध्यस्थीचे व समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत, पोटगी व ताब्यासह सर्व प्रश्न खरोखर मिटलेले असावेत आणि आणखी थांबण्याने केवळ यातना वाढणार असाव्यात. आपल्या दांपत्याचा विभक्त काळ दोन वर्षांहून अधिक असल्याने त्यांना ही सवलत मागता येते. ती मिळाली नाही, तर पहिला हप्ता आणि अंतिम हुकूमनामा यांच्यामध्ये किमान सहा महिन्यांची पोकळी राहते. तडजोडी मोडतात त्या बहुधा याच पोकळीत.

पैशाची अट

हुकूमनामा झाल्यावर पैशाची अट सर्वांत घट्ट बांधते. पतीने ठरलेला हप्ता दिला नाही तर पत्नीला नवा दावा लावावा लागत नाही. ती त्याच कुटुंब न्यायालयात दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करू शकते. मालमत्तेची जप्ती, बँक खात्यावर टाच आणि पगारातून वसुली हे मार्ग त्यात उपलब्ध असतात. असा अर्ज करण्यासाठी सर्वसाधारणपणे बारा वर्षांची मुदत असते.

दुसरा हप्ता मात्र उदाहरणात हुकूमनाम्यापूर्वीच देय होतो. तो चुकला तर पत्नीच्या हाती अजून दरखास्त करण्याजोगा हुकूमनामा नसतो. ती आपली संमती रोखू शकते, पण दरम्यान तिची क्रूरतेची याचिका रूपांतरित झालेली असते. म्हणून तडजोड फिसकटल्यास मूळ याचिका होती त्या टप्प्यापासून पुन्हा चालेल, असे वाक्य लेखात आवर्जून घालणे श्रेयस्कर असते. रक्कम डिमांड ड्राफ्टच्या रूपात आधीच न्यायालयात जमा करून अंतिम जबाबानंतर पत्नीला देणे, हा दुसरा प्रचलित उपाय आहे. त्यामुळे दोघांपैकी कोणालाही आधी विश्वास टाकावा लागत नाही.

अवमानाच्या कारवाईबद्दलही स्पष्टता हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७९ च्या निकालानुसार निव्वळ संमतीच्या हुकूमनाम्यातील अट मोडणे म्हणजे न्यायालयाचा अवमान नव्हे, अवमान होण्यासाठी पक्षकाराने न्यायालयाला दिलेली हमी मोडलेली असावी लागते. अटी मान्य करणे आणि न्यायालयाला हमी देणे यांत म्हणूनच फरक आहे. हमीपत्र घेतले गेले आणि न्यायालयाने ते स्वीकारले, तर ते हेतुपुरस्सर मोडणे न्यायालयाचा अवमान अधिनियम, १९७१ नुसार दिवाणी अवमान ठरू शकते. वकील लेखात ‘पक्षकार न्यायालयास हमी देतात की’ असे शब्द घालतात त्यामागे हे कारण असते.

‘पत्नी भविष्यात कधीही पोटगी मागणार नाही’ हे वाक्य बहुतेक लेखांत आढळते, पण ते वाटते तितके अभेद्य नाही. काहीही न घेता पोटगीचा वैधानिक हक्क कायमचा सोडून देणारी अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे मत मुंबई उच्च न्यायालयासह अनेक न्यायालयांनी दिले आहे. पुरेशी एकरकमी रक्कम स्वीकारली असेल तर मात्र नंतरच्या मागणीचा विचार करताना ती रक्कम निर्णायक ठरू शकते. लेखात हक्क सोडल्याचे लिहिण्यापेक्षा कोणती रक्कम कशापोटी दिली हे लिहिणे म्हणूनच अधिक सुरक्षित असते.

घर आणि कर्ज

सदनिका मूळ याचिकेचा विषय नव्हती. नोंदणी अधिनियमाच्या कलम १७ नुसार तडजोडीच्या हुकूमनाम्याला नोंदणीतून सूट मिळते, पण दाव्याचा विषय नसलेली स्थावर मालमत्ता त्यात आली असेल तर ती सूट लागू होत नाही. त्यामुळे पत्नीने दुय्यम निबंधकांकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे लागते, आणि त्याची तारीख व खर्च कोणाचा हे लेखात असावे लागते. केवळ संमतीच्या अटींची प्रत घेऊन गृहनिर्माण संस्थेत नाव कमी करायला जाणाऱ्याला बहुधा परत यावे लागते.

याहून जास्त नुकसान करणारी चूक कर्जाबाबत होते. ‘उरलेले कर्ज पती फेडील’ ही अट पती आणि पत्नी यांनाच बांधते. बँक त्या तडजोडीची पक्षकार नसते. पतीने हप्ते थकवले तर बँक सहकर्जदार म्हणून पत्नीकडे मागणी करू शकते, तिचा पतमापनाचा इतिहासही खराब होतो. तिने भरलेली रक्कम ती नंतर पतीकडून मागू शकते, पण बँकेला हुकूमनामा दाखवून हात झटकता येत नाहीत. यावर खरा उपाय म्हणजे बँकेची लेखी संमती घेऊन पत्नीचे नाव कर्जातून कमी होईपर्यंत हक्कसोडपत्र न करणे, किंवा दोन्ही गोष्टी एकाच दिवशी करणे.

घटस्फोटाची संमती

सर्वांत नाजूक प्रश्न येथे आहे. पत्नीने पहिला हप्ता घेतला, पहिला जबाब दिला आणि अंतिम जबाबाला ती आली नाही, किंवा पतीने ऐन वेळी ‘मला घटस्फोट नको’ असे म्हटले, तर न्यायालय सही केलेल्या लेखाच्या आधारे घटस्फोट देऊ शकते का? याचे उत्तर नकारार्थी आहे. कलम १३-ब खालील संमती हुकूमनामा होईपर्यंत टिकून असावी लागते आणि तोपर्यंत कोणताही पक्ष ती एकतर्फी मागे घेऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ठरवले. २००९ मध्ये मुंबईच्या कुटुंब न्यायालयातून आलेल्या प्रकरणात त्याने याची पुनरुक्ती केली आणि गैरहजेरीवरून संमती गृहीत धरता येत नाही, असे स्पष्ट केले.

मग सही करून, पैसे घेऊन, हमी देऊनही संमती मागे घेणाऱ्याला काहीच परिणाम भोगावा लागत नाही का? या प्रश्नावर दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठांची मते भिन्न होती, म्हणून तो खंडपीठाकडे गेला आणि त्याचा निकाल मे २०१८ मध्ये लागला. खंडपीठाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. संमतीचा फेरविचार करण्याचा कायद्याने दिलेला हक्क करारात लिहून गमावता येत नाही, म्हणून न्यायालय कोणालाही घटस्फोटास संमती देण्यास भाग पाडू शकत नाही. परंतु न्यायालयाला दिलेली किंवा संमतीच्या आदेशाचा भाग झालेली हमी जाणूनबुजून मोडली, तर ती मोडणारा अवमानासाठी जबाबदार धरला जाऊ शकतो, आणि दुसऱ्या पक्षाचे नुकसान झाले असल्यास न्यायालय दोघांना हमीपूर्वीच्या स्थितीत नेण्याचे निर्देश देऊ शकते. दिल्लीचा हा निकाल महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नसला, तरी या प्रश्नाची सर्वांत सविस्तर चर्चा त्यात आढळते.

आपल्या उदाहरणात याचा अर्थ असा की पत्नीने संमती मागे घेतली तर विवाह कायम राहतो, पण पहिले ६ लाख रुपये तिच्याकडे निर्धास्त राहतील असे नाही. पतीने संमती मागे घेतली तर पत्नीला क्रूरतेची याचिका पुढे चालवावी लागते. विवाह पूर्णपणे मोडून पडला असल्यास सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली स्वतः विवाहविच्छेद करू शकते, हे घटनापीठाने १ मे २०२३ रोजी मान्य केले. मात्र हा अधिकार कुटुंब न्यायालयाला किंवा उच्च न्यायालयाला नाही.

मुलीच्या अटी

मुलीचा ताबा, भेटी आणि खर्च यांविषयीच्या अटी पालकांना बांधतात, पण न्यायालयाला बांधत नाहीत. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ नुसार असे आदेश वेळोवेळी बदलता येतात. ताब्याचा आदेश पालकांच्या संमतीने झाला असला तरी परिस्थिती बदलल्यास आणि मुलाच्या हितासाठी आवश्यक असल्यास तो फिरवता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच म्हटले आहे. मुलगी बारा वर्षांची झाल्यावर रविवारच्या दिवसभराच्या भेटी तिच्या वेळापत्रकात बसेनाशा झाल्या, किंवा आईची बदली दुसऱ्या शहरात झाली, तर कोणताही पालक बदलासाठी अर्ज करू शकतो. तो तडजोडीचा भंग मानला जात नाही.

मुलीच्या पोटगीचा हक्क तिचा स्वतःचा आहे. १२,००० रुपये अपुरे पडू लागले तर ‘रक्कम वाढवून मागणार नाही’ या आईच्या सहीने मुलीची मागणी अडत नाही. वाढीचे प्रमाण, उदाहरणार्थ दर दोन वर्षांनी दहा टक्के, लेखातच ठरवले तर असे अर्ज टळतात.

फौजदारी तक्रार

पत्नीने फिर्याद मागे घ्यायचे कबूल केले तरी गुन्हा तिच्या सहीने संपत नाही. कलम ४९८-अ, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ८५, केंद्रीय कायद्यातील तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात फौजदारी कार्यवाही रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो, आणि पत्नी आपली हरकत नसल्याचे प्रतिज्ञापत्र देते. वैवाहिक वाद खरोखर मिटला असेल तर उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात अशी कार्यवाही रद्द करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मान्य केले. निर्णय मात्र उच्च न्यायालयाचा असतो. म्हणून लेखात ‘पत्नी गुन्हा रद्द करून देईल’ असे न लिहिता ‘पत्नी अमुक दिवसांत प्रतिज्ञापत्र देईल आणि सुनावणीस हजर राहील’ असे लिहावे, कारण तेवढेच तिच्या हातात आहे. तिसरा हप्ता या टप्प्याला बांधण्याची पद्धत यातूनच आली.

तडजोडीचे सर्व लाभ घेऊन फौजदारी खटला मात्र चालू ठेवण्याला न्यायालये थारा देत नाहीत. तडजोडीनुसार घटस्फोट मिळाल्यावर पत्नीने फिर्याद पुढे चालवली, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या अखेरीस ती कार्यवाही प्रक्रियेचा गैरवापर ठरवून रद्द केली.

तडजोडीला आव्हान

संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही. कुटुंब न्यायालय अधिनियमाच्या कलम १९ मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे. तडजोड बेकायदेशीर होती म्हणून हुकूमनामा रद्द करावा असा स्वतंत्र दावाही आदेश २३, नियम ३-अ मुळे लावता येत नाही. ज्या न्यायालयाने तडजोड नोंदवली त्याच न्यायालयाकडे अर्ज करून फसवणूक, जबरदस्ती किंवा मुळात सहीच आपली नसल्याचे दाखवणे, हा उरलेला मार्ग आहे. नंतर सौदा महाग वाटला किंवा नातेवाइकांनी नावे ठेवली, ही कारणे पुरत नाहीत. पतीने मध्यस्थीच्या वेळी दुसरी मालमत्ता किंवा खरे उत्पन्न लपवले असेल तर फसवणुकीचा मुद्दा उभा राहतो, पण त्यासाठी त्याने काय सांगितले होते याची नोंद लागते, आणि बैठकीतील बोलणी गोपनीय असतात. हा पेच टाळण्यासाठी दोघांनी आपल्या मालमत्तेचे व उत्पन्नाचे विवरण तडजोडीच्या लेखालाच जोडावे.

मध्यस्थी अधिनियम, २०२३

मध्यस्थी अधिनियम, २०२३ ला १४ सप्टेंबर २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच्या कलम २७ नुसार पक्षकारांनी सही केलेली आणि मध्यस्थाने प्रमाणित केलेली तडजोड अंतिम व बंधनकारक असते आणि न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणता येते. कलम २८ नुसार फसवणूक, भ्रष्टाचार, तोतयेगिरी किंवा मध्यस्थीस अपात्र विषय या कारणांवरच तिला आव्हान देता येते. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होण्याची तरतूद असून ९ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या पहिल्या कलमांत २७ आणि २८ यांचा समावेश नव्हता. त्यामुळे एखाद्या तडजोडीला कलम २७ लागू आहे का, हे तिच्या तारखेला अमलात असलेल्या अधिसूचनेवरून पाहावे लागते.

वैवाहिक वादांच्या दृष्टीने या कायद्याचे कलम ६ विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. तडजोडयोग्य गुन्हे आणि प्रलंबित वैवाहिक गुन्हे न्यायालय मध्यस्थीकडे पाठवू शकते, परंतु त्यातून निघालेला तोडगा हुकूमनामा मानला जात नाही आणि न्यायालयाने त्यावर कायद्यानुसार पुढे विचार करायचा असतो. विवाहविच्छेदाबाबतही हीच मर्यादा राहते: मध्यस्थाने प्रमाणित केलेला कागद हिंदू विवाह अधिनियमाखालील विवाह संपवू शकत नाही, त्यासाठी कलम १३-ब ची याचिका, दोघांचे जबाब आणि न्यायालयाचा हुकूमनामा लागतोच.